घर एक, वायफाय दोन

२१ जानेवारी २०२५ या दिवशी नेटफ्लिक्सने दोन बातम्या दिल्या. आधीच्या तीन महिन्यांत जगभरात जवळपास १ कोटी ८९ लाख नवे ग्राहक मिळाले होते. एका तिमाहीत इतके ग्राहक या कंपनीला त्याआधी कधी मिळाले नव्हते. दुसरी बातमी अमेरिकेतल्या दरवाढीची होती. जाहिरातींशिवायचा स्टँडर्ड प्लॅन महिन्याला १५.४९ डॉलरवरून १७.९९ डॉलरवर गेला, प्रीमियम २२.९९वरून २४.९९वर आणि जाहिरातींसह मिळणारा स्वस्त प्लॅन ६.९९वरून ७.९९वर. या तीन आकड्यांच्या मथळ्यांखाली चौथा आकडा बराचसा झाकला गेला. आपल्या प्लॅनमध्ये घराबाहेरचा एक माणूस जोडण्यासाठी द्यावे लागणारे पैसेही ७.९९वरून ८.९९ डॉलर झाले होते. माझ्या मते चौघांतला महत्त्वाचा आकडा तोच आहे, कारण तीनच वर्षांपूर्वी तो दरपत्रकात नव्हताच.

२०१७ साली याच कंपनीने ट्विटरवर लिहिलं होतं की पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम. तेव्हाही खातं घराबाहेर देऊ नये, असं वापराच्या अटींमध्ये होतंच, पण ती अट कोणी पाळत नव्हतं आणि कंपनीही आग्रह धरत नव्हती. एप्रिल २०२२मध्ये वारं फिरलं. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे २ लाख ग्राहक कमी झाले होते. दहा वर्षांहून अधिक काळात ग्राहकसंख्या प्रथमच घटली आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ३५ टक्के कोसळला. त्याच वेळी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात कंपनीने हिशेब मांडला, की पैसे भरणारी घरं २२ कोटी २० लाख आणि त्यांच्या पासवर्डवर फुकट पाहणारी घरं आणखी १० कोटींहून अधिक.

त्या पत्राच्या महिनाभर आधीच चिली, कोस्टा रिका आणि पेरू या तीन देशांत 'अतिरिक्त सदस्य' ही कल्पना करून पाहिली जात होती. कोस्टा रिकात त्यासाठी महिन्याला २.९९ डॉलर लागत. फेब्रुवारी २०२३मध्ये ही योजना कॅनडा, न्यूझीलंड, पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये आली आणि मे महिन्यात अमेरिकेत पोहोचली, ७.९९ डॉलरला. ग्राहक चिडून निघून जातील, असा अनेकांचा कयास होता. काही गेलेही असतील. पण पुढच्या तिमाहीपासून ग्राहकसंख्या वाढतच गेली. मग इतर कंपन्याही त्याच वाटेने निघाल्या. डिस्ने प्लसने अमेरिकेत सप्टेंबर २०२४मध्ये अतिरिक्त सदस्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

आता या योजनेत 'घर' कशाला म्हणतात ते पाहू, कारण गोंधळ तिथेच होतो. नात्याशी किंवा आडनावाशी त्याचा संबंध नाही. खातेदार प्रामुख्याने जिथे टीव्ही पाहतो, तिथल्या इंटरनेट जोडणीवर चालणारी उपकरणं मिळून एक घर धरलं जातं. हे घर टीव्हीवरून ठरवता येतं. आपण ठरवलं नाही, तर कंपनी वापर पाहून स्वतःच ठरवते. त्यासाठी इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, प्रत्येक उपकरणाची ओळख आणि खात्यावरची हालचाल तपासली जाते. जीपीएसने माग काढत नाही, असं कंपनी सांगते. मोबाइल आणि लॅपटॉप बाहेर नेले तरी फारसं अडत नाही, कारण ते अधूनमधून घरच्या वायफायवर येतात. टीव्ही मात्र जागचा हलत नाही. दुसऱ्या पत्त्यावरच्या टीव्हीवर रोज तेच खातं चाललं, की ते लगेच उठून दिसतं आणि एके दिवशी पडद्यावर सूचना येते: हा टीव्ही या खात्याच्या घरात नाही. प्रवासात असाल तर तात्पुरतं पाहण्याची सोय आहे. त्यासाठीचा कोड खातेदाराच्या ईमेलवर किंवा फोनवर जातो आणि पंधरा मिनिटंच चालतो. म्हणजे तेवढ्या वेळात तिकडे कोणीतरी जागं असायला हवं.

एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे स्टँडर्ड प्लॅन आहे. मुलगा बॉस्टनला शिकायला गेला आहे आणि खोलीतल्या टीव्हीवर आईवडिलांच्याच खात्यावरून पाहतो. २०२३च्या सुरुवातीला हे कुटुंब महिन्याला १५.४९ डॉलर, म्हणजे कर सोडून वर्षाला सुमारे १८६ डॉलर भरत होतं. प्लॅनमध्ये एका वेळी दोन पडदे होते आणि ते कुठे लावायचे ते घरचे ठरवत. मे २०२३नंतर मुलासाठी ७.९९ डॉलर वेगळे द्यावे लागले. जानेवारी २०२५ची वाढ लागू झाल्यावर महिन्याचे १७.९९ अधिक ८.९९, म्हणजे २६.९८ डॉलर झाले. वर्षाचे जवळपास ३२४. दोन वर्षांत हा खर्च पाऊणपट वाढला. दरवाढीच्या बातमीत मात्र स्टँडर्डची वाढ १६ टक्के दिसते आणि ती चूकही नाही, फक्त या कुटुंबाची गोष्ट तिच्यात येत नाही.

अशा वेळी पहिला विचार सुचतो तो प्रीमियम घेण्याचा, कारण त्यात चार पडदे आहेत. पण हे चारही पडदे एकाच घरातले. बॉस्टनचा टीव्ही प्रीमियममध्येही परकाच राहतो. प्रीमियममुळे मिळते ती दोन अतिरिक्त सदस्य जोडण्याची मुभा (स्टँडर्डमध्ये एकच), आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. एकेकाळी ग्राहक पडदे विकत घेत होता, आता पडदे आणि पत्ता दोन्ही विकत घेतो. मला या बदलातली खरी दरवाढ हीच वाटते, आणि तिच्याबद्दल ग्राहकाला सरळ शब्दांत सांगायला हवं होतं.

८.९९ हा आकडाही नीट पाहण्यासारखा आहे. त्याची दुप्पट १७.९८, म्हणजे स्टँडर्ड प्लॅनला फक्त एक सेंट कमी. जानेवारी २०२५च्या दरांत मुलाने जाहिरातींशिवायचं स्वतंत्र खातं घ्यायचं ठरवलं असतं, तर त्याला दुप्पट पैसे मोजावे लागले असते, म्हणून ८.९९ स्वस्त वाटत. पूर्वी मधली एक पायरी होती. ९.९९ डॉलरचा बेसिक प्लॅन, जाहिराती नाहीत, पडदा एक. जुलै २०२३मध्ये, म्हणजे पासवर्डची कडक अंमलबजावणी सुरू झाल्यावर दोनच महिन्यांत, अमेरिकेत नव्या ग्राहकांसाठी तो बंद झाला. ती पायरी असती, तर अतिरिक्त सदस्य होण्यापेक्षा थोडे पैसे जास्त भरून स्वतःचं खातं घेणं अनेकांनी पसंत केलं असतं. ती काढल्यावर जानेवारी २०२५च्या दरांत जाहिराती नको असलेल्यासमोर ८.९९ किंवा १७.९९ एवढेच पर्याय उरले.

जाहिराती चालत असतील तर हिशेब बदलतो. जानेवारी २०२५च्या दरांनुसार जाहिरातींसह अतिरिक्त सदस्य ६.९९ डॉलरला मिळत होता, आणि जाहिरातींसह पूर्ण स्वतंत्र खातं ७.९९ डॉलरला. फरक एका डॉलरचा. अतिरिक्त सदस्याला एका वेळी एकाच उपकरणावर पाहता येतं आणि त्याचं असणं खातेदाराच्या बिलावर अवलंबून असतं. स्वतंत्र खात्यात दोन पडदे मिळतात आणि ते हवं तेव्हा बंद-चालू करता येतं. सुट्टीत घरी आल्यावर दोन महिने खातं बंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तो एक डॉलर सहज परत मिळतो.

याच कुटुंबाचे आजीआजोबा पुण्यात आहेत आणि इतकी वर्षं मुलाच्या खात्यावर पाहत आहेत, असं समजू. परदेशात मुलं असलेल्या किती घरांत ही रीत होती, हे वाचकांना सांगायला नको. त्यांना अतिरिक्त सदस्य करता येत नाही, कारण खातेदार आणि सदस्य एकाच देशात असावे लागतात. यात त्यांचं नुकसान मात्र काही नाही. ८.९९ डॉलर म्हणजे साडेसातशे रुपयांहून अधिक. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशांत पुण्यात टीव्हीवर चालणारा बेसिक प्लॅन मिळतो.

भारतात घराबाहेर खातं देण्याची बंदी जुलै २०२३मध्ये लागू झाली, पण पैसे भरून माणूस जोडण्याचा पर्याय दिला गेला नाही. कंपनीने तेव्हा कारणही सांगितलं: अशा देशांत दर नुकतेच कमी केले आहेत आणि ग्राहकही अजून कमी आहेत. डिसेंबर २०२१मध्ये इथे बेसिक प्लॅन ४९९ रुपयांवरून थेट १९९वर आला होता, स्टँडर्ड ६४९वरून ४९९वर आणि प्रीमियम ७९९वरून ६४९वर. अमेरिकेत काढून टाकलेली पायरी इथे ठेवली गेली. ती इतकी खाली आहे, की अतिरिक्त सदस्याचं काम तीच करते.

अडचण होते ती आपल्या कुटुंबांच्या रचनेमुळे. एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आईवडील, चौथ्यावर मुलगा आणि सून. जेवण एकत्र, सण एकत्र, पण वायफाय दोन. कंपनीच्या लेखी ही दोन घरं. समजा ते ६४९चा प्रीमियम दोन्ही मजल्यांवर वापरत होते. आता मुलाने ४९९चा आणि आईवडिलांनी १९९चा घेतला, तर ६९८ होतात, म्हणजे ४९ रुपये जास्त. पण दोन्हीकडे एका वेळी एकच टीव्ही चालत असेल, तर १९९चे दोन प्लॅन ३९८ रुपयांत बसतात, आधीपेक्षा २५१ रुपये कमी. चित्र ४के नसेल, ७२० रेषांचं असेल. बत्तीस इंची टीव्हीवर मालिका पाहणाऱ्याला ते खटकणार नाही, पंचावन्न इंचीवर खटकू शकेल. १४९चा मोबाइल प्लॅन मात्र आईवडिलांसाठी घेऊ नये. तो फोन आणि टॅबलेटवरच चालतो, टीव्हीवर नाही, आणि हे बहुधा पैसे भरून झाल्यावर लक्षात येतं.

वेगळं खातं घेताना आधीच्या पाहण्याचा सगळा ठेवा जाईल, या भीतीने अनेक जण थांबतात. तशी गरज नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल दुसरीकडे हलवण्याची सोय ऑक्टोबर २०२२पासून आहे. पाहिलेल्यांची नोंद, जपून ठेवलेली यादी आणि आवडीनुसार येणाऱ्या शिफारशी नव्या खात्यात जातात. ती खातेदाराने आधी सुरू करावी लागते, म्हणून वडीलधाऱ्यांचं खातं वेगळं करताना मुलाने हे काम पासवर्ड बदलण्याआधी करावं. पासवर्ड बदलून सगळ्या उपकरणांतून बाहेर पडण्याचा पर्याय वापरला, की जुन्या भाड्याच्या घरात राहिलेला टीव्ही आणि मित्राच्या लॅपटॉपवर कधीतरी उघडलेलं खातंही बंद होतं. प्लॅन वर नेला तर तो लगेच लागू होतो. खाली आणला तर पुढच्या बिलाच्या तारखेपासून, त्यामुळे महिन्याच्या मध्यात प्लॅन बदलून पैसे का वाचले नाहीत, याची काळजी करू नये.