आलेख-कागदावरील निळ्या रेषा आणि अहवालातील आकृती

विहिरीचा उभा छेद हाताने काढावयाचा असल्यास आलेख-कागद सोयीचा पडतो, कारण त्यावर प्रमाण आपोआप सांभाळले जाते. परंतु तीच आकृती स्कॅन करून अहवालात घातली आणि अहवालाच्या छायाप्रती काढल्या, की कागदावरील फिकट निळ्या चौकटी करड्या होऊन उमटतात. मग मुरूम कोठे संपतो आणि खडक कोठे सुरू होतो, हे वाचणाऱ्यास उमगत नाही.

या रेषा खोडरबराने पुसाव्या लागत नाहीत. रंगीत स्कॅनमधील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा व निळा अशा तीन आकड्यांनी नोंदलेला असतो; 0 म्हणजे काळोख व 255 म्हणजे पूर्ण उजेड. समजा, कागदाचे आकडे 250, 250, 245 आहेत, निळ्या रेषेचे 170, 205, 240 आणि काळ्या शाईचे 40, 40, 45. केवळ निळा आकडा पाहिला, तर रेषा 240 व कागद 245, म्हणजे जवळजवळ सारखेच. शाई मात्र 45 वर काळीच राहते. छपाईच्या जुन्या कॅमेऱ्यांची फिल्म फिकट निळा रंग पांढऱ्यासारखाच टिपत असे. हे तत्त्व त्याच जातीचे आहे.

यासाठी आकृती रंगीत पद्धतीने, दर इंचास 300 बिंदू ठेवून स्कॅन करावी व PNG स्वरूपात साठवावी. करड्या पद्धतीने स्कॅन केल्यास रंगाचा भेद तेथेच नाहीसा होतो. त्यानंतर GIMP या विनामूल्य संगणक-प्रणालीत Colors > Components > Extract Component येथे RGB Blue निवडावे. पुढे Colors > Levels उघडून काळ्या टोकाचा आकडा 75 व पांढऱ्या टोकाचा 225 करावा. 225 च्या वरचे सर्व शुभ्र होते आणि रेषा लोपतात.

सेंटिमीटरच्या जाड रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे ठिपके उरण्याचा संभव असतो. चित्र दुप्पट मोठे करून ते तपासावे व पांढऱ्या टोकाचा आकडा थोडा उतरवावा. तो फार उतरवला, तर पेन्सिलीची पुसट रेघ तुटू लागते. तीच थांबण्याची खूण होय.

निळ्या शाईने काढलेली आकृतीही चौकटींबरोबर फिकी पडते, म्हणून काळीच शाई वापरावी. चौकटी हिरव्या असल्यास RGB Green आणि तांबूस असल्यास RGB Red निवडावे.

एक गोष्ट मात्र स्कॅन करण्यापूर्वीच करावयास हवी. चौकटी गेल्या, की त्यांनी दाखविलेले मापही जाते. म्हणून आकृतीशेजारी काळ्या शाईने प्रमाणपट्टी आखून ‘1 सेंटिमीटर = 1 मीटर’ असे जे प्रमाण असेल, ते लिहावे. अहवालात आकृती लहानमोठी छापली गेल्यास लिहिलेले प्रमाण चुकते, पण आखलेली पट्टी तिच्याबरोबरच लहानमोठी होते व विहिरीची खोली बरोबर मोजता येते.