जंतूच्याच हातून घडणारे औषध

क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडच्या गोळीत जो रेणू असतो, तो स्वतः क्षयाच्या जंतूला मारत नाही. तो जंतूच्या पेशीत शिरतो, तिथले एक एन्झाइम त्याचे रूप पालटते, आणि मग जे तयार होते ते जंतूचा जीव घेते. अशा औषधांना ‘प्रोड्रग’ म्हणतात. यांपैकी आयसोनियाझिडसारख्या काहींमध्ये औषध घडवणारा कारागीर रोगजंतूच असतो. म्हणूनच औषध निकामी कसे होते, हेही त्या कारागिराकडेच पाहून कळते.

आयसोनियाझिड प्रयोगशाळेत बनले ते १९१२ साली, प्रागमध्ये. हान्स मायर आणि योसेफ माली यांना त्याचा औषधी उपयोग ठाऊक नव्हता. तो कळायला १९५१-५२ साल उजाडले. लगेचच गार्डनर मिडलब्रुक यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. या औषधाला दाद न देणाऱ्या अनेक जंतूंमध्ये कॅटलेज हे एन्झाइमच नव्हते, आणि असे जंतू गिनीपिगमध्ये फारसा रोगही माजवत नव्हते. या दोन निरीक्षणांचा दुवा जुळायला चाळीस वर्षे लागली. १९९२ मध्ये यिंग झांग, स्ट्यूअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी हे एन्झाइम बनवणारे katG हे जनुक वेगळे केले. औषधाला न जुमानणाऱ्या मायकोबॅक्टेरियात ते घातल्यावर औषध पुन्हा लागू पडले.

KatG चे खरे काम जंतूचे रक्षण करण्याचे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि KatG ते निष्प्रभ करते. हेच एन्झाइम आयसोनियाझिडचेही विघटन करते. त्यातून निघालेला अतिक्रियाशील तुकडा पेशीतल्या NAD या रेणूला चिकटतो, आणि ही जोडी InhA नावाच्या दुसऱ्या एन्झाइमची जागा अडवून बसते. InhA शिवाय मायकोलिक आम्ले पूर्ण बनत नाहीत. जंतूचे मेणचट कवच याच आम्लांचे असते. ते घडणे थांबले की वाढणारा जंतू मरतो.

आता जंतूपुढे पेच उभा राहतो. KatG पुरते टाकून दिले तर औषधापासून सुटका होते, पण पांढऱ्या पेशींपुढे तो उघडा पडतो. रुग्णांमध्ये सर्वांत जास्त आढळणारे उत्परिवर्तन या पेचातून वाट काढते. KatG मधले ३१५ क्रमांकाचे अमिनो आम्ल सेरीनऐवजी थ्रिओनीन होते. या छोट्याशा बदलाने एन्झाइमच्या गाभ्याकडे जाणारी वाट अरुंद होते. इवलासा पेरॉक्साइड आत जातो, आयसोनियाझिडला मात्र नीट शिरता येत नाही. संरक्षण बरेचसे टिकते आणि औषध घडणे जवळपास थांबते.

दुसरा मार्ग म्हणजे InhA चे उत्पादनच वाढवणे. त्याने येणारा प्रतिकार सहसा सौम्य असतो, पण त्याच लक्ष्यावर मारा करणारे इथिओनामाइडही त्याबरोबर कमकुवत ठरते.

मेट्रोनिडाझोल या दुसऱ्या प्रोड्रगची कथाही कारागिराच्या याच नियमात बसते. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूंत ऊर्जानिर्मितीचे इलेक्ट्रॉन त्याच्या नायट्रो गटावर पडतात आणि डीएनए तोडणारे तुकडे तयार होतात. ती यंत्रणा टाकून देणे अशा जंतूंना महागात पडते. जठरातला हेलिकोबॅक्टर मात्र हे काम मुख्यतः RdxA या एन्झाइमकडून करून घेतो, आणि त्यावाचून त्याचे फारसे अडत नाही. म्हणून त्याच्यात मेट्रोनिडाझोलला प्रतिकार सर्रास आढळतो.

प्रतिकार करणारे जंतू औषधाने निर्माण होत नाहीत, ते आधीच असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक निघतो. फुफ्फुसातल्या पोकळीत दहा कोटी जंतू असतील, तर पहिली गोळी घेण्याआधीच त्यात असे शंभर असतात. एकट्या आयसोनियाझिडने बाकीचे मरतील आणि हे शंभर वाढतील. रिफॅम्पिसिन या क्षयावरच्याच दुसऱ्या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा कोटींत एक. दोन्हींना पुरून उरणारा एक जंतू सापडायला एकावर चौदा शून्ये इतके जंतू लागतील, आणि तेवढे रुग्णाच्या शरीरात नसतात. अनेक औषधे एकत्र देण्याचे कारण या हिशेबात आहे.

पण हा हिशेब दोन्ही औषधे लागू पडली तरच टिकतो, आणि तपासणीत इथेच एक फट राहते. सुरुवातीला थुंकीची जी जलद जनुकीय चाचणी होते, ती बहुधा फक्त रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिकार शोधते. तो नाही म्हणजे आयसोनियाझिडही लागू पडेल, असे नव्हे. katG आणि inhA मधले नेहमीचे बदल लाइन प्रोब चाचणीत दिसतात. ते आढळले तर रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइडच्या जोडीला लिव्होफ्लॉक्सासिन देऊन सहा महिन्यांचे उपचार करता येतात. म्हणून घरात कोणाला क्षयाचे निदान झाले, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आयसोनियाझिडची तपासणी झाली का? आणि एकत्रित गोळीतले कोणतेही औषध त्यांच्या सल्ल्याशिवाय गाळू नका.