शेअरचे हेलकावे आणि बीटाचा हिशेब

जो शेअर जोरात वर-खाली होतो, त्याने परतावाही जास्त द्यायला हवा, असं आपल्याला सहज वाटतं. विल्यम शार्प यांनी १९६४ साली मांडलेलं कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल आपल्याला नेमकं इथेच थांबवतं. शेअर किती हलतो यापेक्षा तो बाजाराबरोबर किती हलतो, हे त्यात महत्त्वाचं आहे. बीकॉमपासून सीएपर्यंतच्या विद्यार्थ्यांना यावरची गणितं सोडवावी लागतात. सूत्र बहुतेकांना पाठ असतं, पण त्यातला हा मुद्दा हातून निसटतो आणि उत्तर चुकतं.

दोन कंपन्या घेऊ, एक पोलादाची आणि दुसरी औषधांची. दोन्हींच्या परताव्याचं प्रमाण विचलन ४० टक्के आहे, म्हणजे दोघींचे हेलकावे सारखेच. बाजाराचं प्रमाण विचलन २० टक्के धरू. बाजाराशी पोलाद कंपनीचा सहसंबंध ०.७ आहे, औषध कंपनीचा ०.३. शेअरच्या विचलनाला बाजाराच्या विचलनाने भागायचं आणि आलेल्या आकड्याला सहसंबंधाने गुणायचं, की बीटा मिळतो. पोलादाचा बीटा १.४ येतो, औषधांचा फक्त ०.६.

हेलकावे सारखे असूनही बीटात एवढा फरक का? मागणी थंडावली की पोलाद घसरतं, आणि त्याच वेळी बाकीचा बाजारही घसरत असतो. औषध कंपनीचे चढउतार मात्र बरेचसे तिचे स्वतःचे असतात. कधी नव्या औषधाला परवानगी मिळते, कधी कारखान्याच्या तपासणीत दोष निघतात. वेगवेगळ्या धंद्यांतले तीस-चाळीस शेअर जवळ असले की अशा घटना एकमेकींना बऱ्याच अंशी झाकून टाकतात. जी जोखीम गुंतवणूकदाराला अशी सहज टाळता येते, तिच्यासाठी बाजार जादा मोबदला देत नाही, असं हे मॉडेल सांगतं.

आता अपेक्षिलेला किमान परतावा काढू. सरकारी रोख्यावर जोखमीविना ७ टक्के मिळतात आणि बाजाराचा परतावा १२ टक्के आहे असं धरू. १२ मधून ७ वजा केल्यावर उरलेले ५ टक्के म्हणजे बाजाराची जोखीम पत्करण्याचा मोबदला, ज्याला रिस्क प्रीमियम म्हणतात. त्याला बीटाने गुणून त्यात ७ मिळवायचे. पोलादासाठी ७ अधिक १.४ गुणिले ५, म्हणजे १४ टक्के. औषधांसाठी १० टक्के.

घात होतो तो वजाबाकीत. प्रश्नात ‘बाजाराचा परतावा १२ टक्के’ असं दिलेलं असताना विद्यार्थी १२ लाच बीटाने गुणतात आणि २३.८ टक्के उत्तर लिहितात. उलट, प्रश्नात रिस्क प्रीमियम थेट दिलेला असेल तर त्यातून पुन्हा ७ वजा करतात. ही चूक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बीटा १ असता तर उत्तर बरोबर १२ आलं असतं. म्हणून १.४ ला ते १२ च्या थोडं वर आणि ०.६ ला ७ ते १२ च्या दरम्यान यायलाच हवं. २३.८ हा आकडा या कसोटीवर लगेच उघडा पडतो.

हा दर पुढे शेअरची किंमत काढायला वापरतात, म्हणून त्यातली चूक तिथेच थांबत नाही. पोलाद कंपनी पुढल्या वर्षी ६ रुपये लाभांश देणार आहे आणि तो दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत राहील असं धरू. १४ मधून ८ गेले की उरतात ६ टक्के, आणि ६ रुपयांना ०.०६ ने भागल्यावर किंमत येते १०० रुपये. २३.८ टक्के धरले असते तर तोच शेअर जेमतेम ३८ रुपयांचा ठरला असता.

समजा, बाजारात हा शेअर १२० रुपयांना मिळतो आहे. ६ भागिले १२० म्हणजे लाभांशाचे ५ टक्के, त्यात वाढीचे ८ मिळवले की हाती येतील १३ टक्के. आपल्याला हवेत १४, तेव्हा शेअर महाग आहे, असं उत्तरपत्रिकेत लिहायचं. तिथे ते बरोबरच आहे.

प्रत्यक्षात मात्र मला हा निष्कर्ष इतका ठाम वाटत नाही. बीटा मागच्या काही वर्षांच्या भावांवरून काढलेला असतो. आठवड्याचे भाव घेतले की एक आकडा येतो, महिन्याचे घेतले की दुसरा. या कंपनीचा बीटा १.४ ऐवजी १.२ निघाला तर हवा असलेला परतावा १३ टक्के होतो आणि किंमत बरोबर १२० रुपये येते. तो १.६ निघाला तर परतावा १५ टक्के आणि किंमत सुमारे ८६ रुपये. बीटात ०.२ चा फरक पडला, तर जो शेअर महाग ठरवला तोच रास्त भावाचा निघतो. म्हणून कुणी असा हिशेब पुढे केला, तर त्यातला बीटा किती वर्षांच्या आणि कोणत्या भावांवरून काढला, हे आधी विचारावं.