सोड्याने हाडे ठिसूळ होतात का?

नाही. उन्हात प्यायलेल्या गोटी सोड्यातला वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हाडांतले कॅल्शियम काढून घेत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात (२००६) रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली. इतर फसफसत्या पेयांबाबत तसे दिसले नाही. म्हणजे दोष बुडबुड्यांचा नव्हे. मात्र दूध-ताकाऐवजी कोलाच पीत राहिल्यास कॅल्शियम कमी पडते.

पोटाचे काय? सोड्यातला वायू जठरात मोकळा होतो आणि पोट फुगते. ढेकर येताना अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, तेव्हा आम्लही वर येऊ शकते. त्यामुळे छातीत जळजळ होणाऱ्यांनी भरपेट जेवणावर सोडा घेऊ नये. जळजळ वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.