पगार की रिटेनर? पत्रातला तो एक शब्द नीट वाचा

बारावी किंवा पदवी झाली की घरात पहिलं नेमणूक पत्र येतं. अब्बा विचारतात, “तनख्वाह किती?” पण आकडा ऐकण्याआधी त्याला काय म्हटलंय, ते पाहावं असं आम्हाला वाटतं.

मजुरी म्हणजे दिवसाच्या किंवा नगाच्या हिशेबाने मिळणारे पैसे. काम नाही त्या दिवशी सहसा पैसेही नाहीत. पगार महिन्याचा ठरलेला असतो, त्यात रजा धरलेल्या असतात. विद्यावेतन, म्हणजे स्टायपेंड, शिकाऊ उमेदवाराला मिळतं. अप्रेंटिस कायद्यात तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून करारात मुदत लिहिलेली हवी.

खरा घोळ रिटेनरमध्ये होतो. रिटेनर म्हणजे वकील किंवा सीए यांची सेवा हाताशी राहावी म्हणून दरमहा दिलेली फी. घेणारा नोकर नसतो, तो इतरांचंही काम करू शकतो. पण आता रोज दहा ते सहा बसणाऱ्या मुलामुलींनाही रिटेनर म्हणून घेतात.

एका मुलीला दोन पत्रं आली असं समजा, दोन्ही 15,000 रुपयांची. पहिल्यात पगार आहे, मूळ वेतन 12,000. त्यावर 12 टक्के पीएफ म्हणजे 1,440 आणि ईएसआयचे 113 रुपये कापून हाती 13,447 येतात. दुसऱ्यात रिटेनर आहे. व्यावसायिक फी धरून 10 टक्के टीडीएस कापला की हाती 13,500. म्हणजे दुसरं पत्र 53 रुपयांनी सरसच दिसतं!

पण पहिल्यात मालकही स्वतःचे 1,440 भरतो, आणि ईएसआयमुळे आजारपणात उपचार मिळतात. दुसऱ्यात यातलं काही नाही. टीडीएसचे 1,500 मात्र बुडत नाहीत. एवढ्या उत्पन्नावर कर बसत नाही, त्यामुळे रिटर्न भरलं की ते परत येतात. आमच्या पाहण्यात बरीच मुलं रिटर्न भरतच नाहीत.

मानधन हा आमच्या शाळांतला ओळखीचा शब्द. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांना देतात तेही मानधन, आणि शिक्षणसेवकाला तीन वर्षं मिळतं तेही मानधनच. अंगणवाडी सेविकांनाही मानधनच मिळतं. पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, कारण कोर्टाने शब्दापेक्षा कामाचं स्वरूप पाहिलं.

रुजू होण्यापूर्वी एवढंच विचारा: पीएफचा यूएएन क्रमांक मिळणार का, रजा किती, आणि दुसरीकडे काम करायची मुभा आहे का? हजेरी रोजची, मुभा नाही आणि यूएएनही नाही, असं उत्तर आलं तर पत्रावर रिटेनर लिहिलेलं असलं तरी काम नोकरीचंच आहे. मग पत्राची प्रत आणि हजेरीची नोंद जपून ठेवा. पुढे पीएफ कार्यालयात तक्रार करायची वेळ आली तर तीच दाखवावी लागतात.