फांद्या मोजताना

टिश्यू पेपरच्या पुडीत काय आहे, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही. पुडी काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हे माझ्या कपड्यांत सापडलं. आधी हलत होतं." आत पिवळट पांढरा, वाळून आकसलेला एक तुकडा होता. भोपळ्याच्या बीचं साल वाळून चिकटावं तसा. "हलत होतं" हे मात्र मी अर्जावर जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण पुढच्या तपासाची दिशा त्या दोन शब्दांत होती.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवशास्त्राचं काम पाहते. जंताचा तुकडा घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा लाजेनं अर्धा झालेला असतो, त्यामुळे त्याला आधी बसवायचं आणि मग विचारायचं. हे गृहस्थ पंचेचाळिशीचे. दोन वर्षांपासून इथिओपियात, अदिस अबाबाला नोकरी. सुट्टीवर घरी आले होते. गेले तीनेक महिने पोटात अधूनमधून कळ यायची, सकाळी उपाशीपोटी मळमळायचं, भूक कधी फार लागायची तर कधी अजिबात नाही. वजन म्हणावं तसं उतरलं नव्हतं. खरा त्रास होता तो गुदद्वाराशी काहीतरी सरकल्याचा. शौचाला गेलेले नसताना, ऑफिसात बसल्या बसल्या, अचानक. घरी आल्यावर औषधाच्या दुकानातून त्यांनी जंताची गोळी दोनदा आणून घेतली होती. अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची ती एक गोळी मुलांच्या गोल जंतांवर छान चालते, पण पट्टकृमीला, म्हणजे फितीसारख्या चपट्या लांब जंताला, त्या एका गोळीनं काढता येईल याचा भरवसा नसतो. त्यांचे तुकडे पडतच राहिले.

"मांस कच्चं खाल्लंय का कधी?" या प्रश्नावर ते पहिल्यांदा हसले. "कितफो," म्हणाले.

कितफो म्हणजे गाई-बैलाच्या कच्च्या मांसाचा बारीक खिमा. त्यात मित्मिता नावाचा जहाल तिखट मसाला आणि मसाले घालून कढवलेलं लोणी. हवा तर तो नुसता कोमट करूनही देतात, त्याला 'लेब-लेब' म्हणतात. सणासमारंभात आणि पाहुणचारात त्याला मोठा मान आहे. तिखटानं आणि गरम तुपानं जंत मरत असतील असं या गृहस्थांनी मनाशी धरलं होतं. जिभेला चटका देणारं तिखट आणि मांसाच्या आत पोचणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथिओपियातल्या लोकांना हा जंत नवा नाही. तिथे कोसो नावाचं झाड आहे, त्याच्या मादी फुलांची पूड पाण्यातून उपाशीपोटी घेऊन जंत पाडण्याची जुनी रीत आहे. त्या औषधानं जोराचे जुलाब होतात. दर काही महिन्यांनी लोक ते पुन्हा घेत, त्याचं कारण जंताच्या रचनेत आहे, ते पुढे येईल.

वाळलेला तुकडा सलाइनमध्ये रात्रभर भिजत ठेवला आणि त्यांना रुंद तोंडाची बाटली दिली. तळाशी थोडं सलाइन. नवा तुकडा पडला की हातमोजे घालून चिमट्यानं उचलायचा आणि बाटलीत टाकायचा, फॉर्मॅलिन नको, टिश्यू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते बाटली घेऊन हजर. आत दोन तुकडे होते, आणि त्यातला एक अजून सावकाश आकसत, पसरत होता. सुमारे दीड सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटरहून जरा जास्त रुंद.

इथून पुढे मी हातमोजे दुप्पट घालते. त्याचं कारण असं. मांसातून माणसाला होणारे मुख्य पट्टकृमी दोन. गोमांसातून येणारा टिनिया सॅजिनाटा आणि डुकराच्या मांसातून येणारा टिनिया सोलियम. दोघांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी दिसतात. जाड, आतून बाहेर जाणाऱ्या त्रिज्यांसारख्या रेघांचं कवच आणि आत सहा आकड्यांचा भ्रूण. पण सॅजिनाटाची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यांचं काही होत नाही. सोलियमची गेली तर भ्रूण आतड्यातून रक्तात शिरतो, आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन गाठी करतो. मेंदूतल्या या गाठी आपल्याकडे फिट येण्याचं एक मोठं कारण आहेत. आणि त्या डुकराचं मांस खाऊन होत नाहीत. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. गाठी होतात त्या, त्याच्या न धुतलेल्या हातावरची अंडी ज्याच्या पोटात जातात त्याला. ती त्याची बायको असेल, मूल असेल, जन्मात मांस न चाखलेला माणूस असेल.

म्हणून रिपोर्टवर 'टिनियाची अंडी आढळली' एवढं लिहून थांबणं मला कधी पटलं नाही. अंडी जे सांगू शकत नाहीत ते तुकडा सांगतो.

पडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे अंड्यांनी भरलेली पिशवी असते. मधोमध उभं गर्भाशय आणि त्याला दोन्ही बाजूंना फांद्या, झाडाच्या पानाच्या शिरांसारख्या. तुकडा पाण्यात धुऊन घेतला, दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवला आणि पट्ट्या दोन्ही टोकांना दोऱ्यानं हळूहळू आवळून बांधल्या. खिडकीसमोर धरलं तर फांद्या अंधूक दिसतात. हा तुकडा सरपटत बाहेर येताना बरीच अंडी सांडून आला होता, त्यामुळे फांद्या मिटलेल्या, काही दिसेना. अशा वेळी इन्सुलिनच्या बारीक सुईनं इंडिया इंक आत सोडावी लागते. तुकड्याच्या एका कडेला मध्याजवळ छोटा उंचवटा असतो, ते जननछिद्र. तिथून सुई आत घालून शाई अगदी थेंबाथेंबानं द्यायची. जोर लावला की तुकडा फाटतो आणि शाई सगळीकडे पसरते. पहिला तुकडा असाच माझ्या हातून गेला. दुसऱ्यात शाई खोडातून वर चढली आणि फांद्यांमध्ये एकामागून एक काळ्या रेघा उमटत गेल्या.

मोजताना एकाच बाजूच्या फांद्या मोजायच्या, आणि त्या खोडातून जिथे निघतात तिथेच. पुढे त्यांना उपफांद्या फुटतात, कडेशी मोजलं तर आकडा हमखास चुकतो. सोलियमला साधारण ७ ते १३ फांद्या असतात, सॅजिनाटाला १२ ते ३०. म्हणजे बारा-तेरावर आकडा आला तर नुसत्या मोजणीवर खात्री देऊ नये, दुसरा तुकडा मागवावा. माझा आकडा आला १८. उलट बाजूनं मोजले, १९. सहकाऱ्याला न सांगता मोजायला दिलं, त्याचेही १८. शिवाय तुकडे एकेकटे, स्वतःहून सरपटत बाहेर येत होते. सोलियमचे तुकडे बहुधा शौचाबरोबर, पाच-सहाच्या साखळीनं, निपचित पडतात. हलत होतं, या शब्दांनी पहिल्याच दिवशी जे सुचवलं होतं त्याला शाईनं दुजोरा दिला.

त्यांच्या पत्नी रिपोर्ट घ्यायला आल्या. त्या शाकाहारी. धाकटी मुलगी सहा वर्षांची. इंटरनेटवर मेंदूतल्या गाठींची चित्रं पाहून त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. "मुलीला काही होईल का हो?" मी त्यांना काचपट्टी खिडकीसमोर धरून दाखवली. "या बघा फांद्या, अठरा. हा दुसऱ्या जातीचा. याची अंडी चुकून पोटात गेली तरी मेंदूत गाठी होत नाहीत." त्यांनी स्वतः बोटानं हवेत मोजलं, अठरापर्यंत, आणि मग खुर्चीवर बसल्या.

औषध डॉक्टरांनी दिलं. आधी फिट, जुनी डोकेदुखी, त्वचेखाली गाठी याबद्दल विचारून घेतलं, कारण प्राझिक्वांटेल हे औषध रक्तात शोषलं जातं आणि मेंदूत नकळत गाठी असतील तर त्यांच्याभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. असा संशय असेल तर आतड्यातच राहणारं निक्लोसामाइड बरं. इथे तसं काही नव्हतं. मात्रा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदाच. गृहस्थांचं वजन ७४ किलो, म्हणून ६०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि आणखी पाव, जेवणाबरोबर, न चावता, कारण ती फार कडू असते. एवढंच. चार-पाच मीटर लांबीचा, हजारभर खंडांचा प्राणी सव्वा गोळीत संपतो.

आता कोसोच्या त्या पुनरावृत्तीकडे. जंताचं डोकं टाचणीच्या माथ्याएवढं, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. चार चोषकांनी ते आतड्याच्या भिंतीला धरून बसतं. लांब फीत त्याच्या मानेतून तयार होत राहते. जुलाबानं फीत तुटून पडली पण डोकं राहिलं, तर अडीच-तीन महिन्यांत पुन्हा तुकडे पडू लागतात. पूर्वी म्हणून सगळं शौच चाळून डोकं शोधत. प्राझिक्वांटेलनं जंत आतल्या आत विरघळतो, डोकं सहसा सापडत नाही, तेव्हा बरं झालं की नाही हे काळच सांगतो. पहिल्या महिन्यात एकदा आणि तिसऱ्या महिन्यात एकदा शौच तपासायचं. तोवर एकही तुकडा पडता कामा नये. औषधानंतर एक-दोन दिवस विरलेले तुकडे दिसले तर मात्र घाबरायचं कारण नाही.

सुट्टी संपवून परत जाण्याआधी ते येऊन बसले. आता तिथे काय खायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मांसात जंताची अळी असते ती अर्धपारदर्शक पिशवीत, भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी. खाटकाला ती कधी दिसते, पुष्कळदा दिसत नाही. खिम्यात तर दिसणारच नाही. मसाला, लिंबू, दारू, वाळवणं, धुरी देणं, यांवर भरवसा ठेवू नये. उष्णतेनं मात्र ती नक्की मरते. मोठा तुकडा असेल तर त्याच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस, आणि आचेवरून काढल्यावर कापण्याआधी तीन मिनिटं झाकून ठेवायचा. खिम्याला ७१ अंश. रंगावरून सांगता येत नाही, टोचून पाहायचा थर्मामीटर हवा. आपल्या रश्श्यातलं, कुकरच्या शिट्ट्यांतलं मांस यापलीकडे केव्हाच गेलेलं असतं. धोका असतो तो तव्यावर बाहेरून करपलेल्या आणि आत गार राहिलेल्या जाड कबाबाचा, किंवा आतून लाल ठेवलेल्या भाजलेल्या तुकड्याचा. कच्चं खायचंच असेल तर मांस उणे १० अंशांखाली निदान दहा दिवस गोठवलेलं हवं, आणि हॉटेलात ते कोण पाहणार? डुकराच्या मांसालाही हेच नियम. तिथे शौचानंतर साबणानं हात धुण्याचं मोल आणखी वाढतं.

तिसऱ्या महिन्याचा नमुना त्यांनी तिथेच एका प्रयोगशाळेत दिला आणि रिपोर्टचा फोटो पाठवला. अंडी नाहीत, तुकडे नाहीत. खाली लिहिलं होतं की कितफो अजून खातात, पण मागवताना 'येबेसेले' म्हणतात. शिजवलेला.