कागदावरचा क्यू: हाताने ट्रेस करण्याच्या प्रश्नाचा मागोवा

स्टॅक, क्यू आणि लिंक्ड लिस्ट या रचना बीडच्या वर्गात पोहोचल्या तेव्हा जुन्याच झाल्या होत्या. नेवेल, शॉ आणि सायमन यांनी 1950 च्या दशकाच्या मध्याला लिंक्ड लिस्ट वापरली. इन्फिक्सचे पोस्टफिक्स करण्याची डायक्स्ट्राची पद्धत 1961 ची. पुढे लिपशुट्झसारख्या पाठ्यपुस्तकांतून ‘पुढील क्रिया करा आणि प्रत्येक पायरीनंतरची स्थिती दाखवा’ हा प्रश्न रूढ झाला. बीड, अंबाजोगाई, परळीच्या महाविद्यालयांत त्याला टिकण्याची जादा कारणे मिळाली. भारनियमनाच्या वर्षांत लॅबचे वेळापत्रक विजेच्या हाती होते, ड्राय रनला मात्र वही पुरे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आलेला. व्याख्या लिहिताना त्याची भाषा अडते, पण रकाने भरताना फक्त समज तपासली जाते. असे असले तरी या प्रश्नाची खरी किंमत सोयीत नाही. मधल्या प्रत्येक पायरीचा हिशोब द्यावा लागतो, यात ती आहे. आणि गेल्या काही वर्षांत नेमका हाच भाग झिजत गेला आहे.

पाच जागांचा सर्क्युलर क्यू घेऊ. जागा 0 ते 4. front सर्वांत जुन्या घटकावर, rear सर्वांत नव्यावर, आणि क्यू रिकामा असताना दोन्ही -1. A, B, C, D टाकले की front 0 आणि rear 3. दोनदा काढल्यावर front 2. मग E जागा 4 वर बसतो, F वळून 0 वर येतो आणि G 1 वर. आता rear 1 आहे आणि क्यू भरल्याची ही अट खरी ठरते:

```c
if ((rear + 1) % 5 == front)
```

म्हणून H ला जागा नाही. आता पाचही घटक काढत जा. शेवटचा, म्हणजे G, काढताना front आणि rear दोन्ही 1 वर असतात. इथे दोघांना -1 करायचे राहिले आणि front नुसता पुढे सरकवला, तर front 2 आणि rear 1 उरतात. ही तीच ‘भरलेला’ स्थिती! क्यू रिकामा असूनही पुढचा घटक नाकारला जातो. संगणकावर दोन-तीन घटक टाकून एखादा काढून पाहणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही, कारण क्यू पूर्ण रिकामा होईपर्यंत तो उद्भवत नाही. कागदावर शेवटच्या ओळीत तो डोळ्यांसमोर येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की डीबगर हेच काम क्षणात करतो. करतो, पण कुठे थांबवून काय पाहायचे हे त्याला सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी अपेक्षित स्थिती आधी मनात मांडता आली पाहिजे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विद्यार्थी नमुना पाठ करतात. हे खरेच आहे, कारण प्रश्नही त्याच त्या क्रमाचे येतात. शिवाय 2020-21 च्या ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षांत अशा प्रश्नाला शेवटच्या आकड्यापुरतेच स्थान उरले. चार पर्यायांतून तो अंदाजानेही साधत असे आणि चूक कोणत्या पायरीवर झाली हे परीक्षकाला कळत नसे. पण हा दोष ट्रेस करण्याचा नाही, तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा आहे.

तिसरा आक्षेप परीक्षकांनी स्वतःला घ्यावा असा आहे. वरच्याच क्रिया दुसऱ्या संकेताने करून पाहा: सुरुवातीला front आणि rear दोन्ही 0, rear पुढची मोकळी जागा दाखवतो आणि एक जागा कायम रिकामी राहते. मग E आणि F बसतात, rear 1 वर येतो आणि G लाच ओव्हरफ्लो होतो. दोन्ही उत्तरे बरोबर, कारण दोन्ही पद्धती पुस्तकांत आहेत. प्रश्नात संकेत दिलेला नसेल, तर गुण समजेला मिळत नाहीत; वर्गात कोणते पुस्तक वापरले त्याला मिळतात. विज्ञान शाखेची महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी आणि अभियांत्रिकीची लोणेरेच्या विद्यापीठाशी जोडलेली असताना एकाच जिल्ह्यात दोन्ही संकेत शिकवले जाणे सहज शक्य आहे.

म्हणून हा प्रश्न काढून टाकू नये, दुरुस्त करावा. क्यूचा आकार आणि front, rear चा अर्थ प्रश्नातच लिहावा. क्रियांच्या क्रमात रचना एकदा पूर्ण भरावी आणि एकदा पूर्ण रिकामी व्हावी. एका पायरीवर चूक झाली, तर पुढच्या पायऱ्या त्या चुकीच्या स्थितीवरून तपासून गुण द्यावेत. आणि दर वर्षी निदान एका प्रश्नात सदोष कोड देऊन तो कितव्या क्रियेला फसतो हे विचारावे; पाठांतराला तिथे वाव उरत नाही.